नोंदवहीत २४ माग, शेडमध्ये २२

आमची चादरीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत. असेट रजिस्टरला २४ माग आहेत, शेडमध्ये मोजले तर २२ भरतात. ऑडिटर म्हणतात फरक शोधून द्या. जॉबर दोन वर्षांपूर्वीच आलाय, त्याला जुनं काही ठाऊक नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी रजिस्टर उघडून बघा. ‘यंत्रमाग, २४ नग’ अशी एकच ओळ असेल तर तुम्ही फक्त नग मोजू शकता, कोणता माग हरवलाय हे कधीच सांगू शकणार नाही. म्हणून पहिलं काम खरेदीची जुनी बिलं काढायचं. त्यांवरून प्रत्येक मागाची स्वतंत्र ओळ करा: कंपनीचा मेक, नेमप्लेटवरचा सीरियल नंबर, खरेदीची तारीख, किंमत, आणि माग सध्या कुठल्या शेडमध्ये आहे ती जागा.

मग शेडमध्ये जा, पण दोनदा. एकदा काम चालू असताना, कारण कोणता माग खरोखर कापड काढतोय हे तेव्हाच दिसतं. दुसऱ्यांदा सुट्टीच्या दिवशी. गड्ड्याच्या यात्रेत कारखाना बंद असतो तो दिवस चांगला. नेमप्लेटवर तेल आणि रुईचा थर बसलेला असतो, तो पुसल्याशिवाय नंबर वाचता येत नाही आणि चालत्या मागाजवळ ते करू नये.

तपासणी दोन्ही बाजूंनी करायची. रजिस्टरमधली ओळ घेऊन यंत्र शोधायचं, म्हणजे नसलेली यंत्रं सापडतात. मग शेडच्या एका कोपऱ्यापासून प्रत्येक यंत्र घेऊन रजिस्टरमध्ये ओळ शोधायची, म्हणजे न नोंदलेली यंत्रं सापडतात. बहुतेक जण पहिलीच बाजू करतात. सोलापुरात दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, कारण एकाच शेडमध्ये भावाच्या फर्मचे चार-सहा माग असतात. आकडा जुळला म्हणून आपण निश्चिंत होतो आणि त्यातले दोन माग आपले नसतातच.

तुमच्यासारख्याच एका कारखान्यात मी तपासणी केली होती, तिथेही दोन माग कमी होते. एकाचा सांगाडा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सापडला. त्याची मोटर आणि गिअर काढून दुसऱ्या मागांना बसवले होते. असा माग चालत्या यंत्रांत दाखवता येत नाही. तो वेगळा काढून त्याची पुस्तकी किंमत आणि भंगारातून हाती येणारी रक्कम यांतली जी कमी, त्या किमतीला ठेवायचा आणि फरक तोट्यात घ्यायचा.

दुसरा माग कुठेच नव्हता. नव्या मागांची बिलं तपासली तेव्हा तो सापडला. एप्रिल २०२१ मध्ये नवा माग ६,००,००० रुपयांना घेतला होता आणि पुरवठादाराने जुना माग ६०,००० ला परत घेऊन बिलातून वजा केला होता. हिशेबनिसाने चेकची रक्कम पाहून ५,४०,००० चा नवा माग नोंदवला. जुना गेल्याची नोंद कोणीच केली नाही.

याची दुरुस्ती अशी झाली. जुना माग एप्रिल २०१४ चा, किंमत २,४०,०००. कंपनी कायद्याच्या अनुसूची २ प्रमाणे अशा सर्वसाधारण यंत्राचं आयुष्य १५ वर्षे आणि अवशिष्ट किंमत ५ टक्के धरली, तर सरळ रेषेच्या पद्धतीने वर्षाचा घसारा १५,२०० येतो. सात वर्षांत १,०६,४०० गेले, म्हणजे देताना मागाची पुस्तकी किंमत १,३३,६०० होती. मिळाले ६०,०००. तोटा ७३,६००, तो त्याच वर्षी दाखवायला हवा होता.

पुढची चार वर्षे, मार्च २०२५ पर्यंत, नसलेल्या मागावर ६०,८०० घसारा लागत राहिला. उलट नवा माग ६०,००० ने कमी नोंदल्यामुळे त्यावरचा घसारा चार वर्षांत १५,२०० ने कमी पडला. ७३,६०० मधून ६०,८०० वजा केले आणि १५,२०० मिळवले की २८,००० उरतात. तेवढी रक्कम मागील कालावधीची बाब म्हणून नफा-तोटा पत्रकात वेगळी दाखवली. जुन्या मागाची मूळ किंमत आणि साचलेला घसारा दोन्ही काढले, नवा माग ६,००,००० ला आणला.

ही चूक चार वर्षे का दिसली नाही? आयकरात यंत्रांचा एकच ब्लॉक असतो. त्यात नव्याचे ६,००,००० मिळवून जुन्याचे ६०,००० वजा केले तरी निव्वळ वाढ ५,४०,०००च. कराचा आकडा बिघडत नाही, त्यामुळे रिटर्न भरताना कोणाला शंका येत नाही. तेव्हा तुम्ही २०१७ नंतरची नव्या यंत्रांची सगळी बिलं काढून ‘एक्स्चेंज’ किंवा ‘बायबॅक’ची ओळ शोधा. सापडली तर जीएसटीही बघा, कारण जुनं यंत्र बदल्यात देणं हाही तुमच्याकडून झालेला पुरवठाच. त्याचं तुमच्या नावाचं बिल निघायला हवं होतं.

कंपनी तीच, वरचा प्रश्न विचारणाऱ्यांचाच दुसरा प्रश्न: आमचे माग दोन पाळ्यांत चालतात. १५ वर्षांचंच आयुष्य धरायचं का?

आयुष्य १५ वर्षेच, पण तो हिशेब एका पाळीचा आहे. दुसरी पाळी चालली त्या काळासाठी घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तिसरी चालली तर १०० टक्क्यांनी. वरचंच उदाहरण घ्या. तो माग सातही वर्षे दोन पाळ्यांत चालला असता तर वर्षाला २२,८०० प्रमाणे १,५९,६०० घसारा झाला असता, पुस्तकी किंमत ८०,४०० उरली असती आणि देताना तोटा फक्त २०,४०० आला असता. आपल्याकडे सर्रास एका पाळीचा घसारा लावतात. मग यंत्र विकताना एकदम मोठा तोटा दिसतो आणि मालकाला वाटतं, आपण स्वस्तात विकलं. हजेरीपत्रक आणि वीजबिल यांवरून पाळ्या सिद्ध होतात. वर्षाच्या शेवटी त्यांचा एक तक्ता करून ठेवा.

ही वाढ सगळ्या मालमत्तांना नाही. फर्निचर, संगणक, इमारत यांना पाळीचा संबंध नाही.

टॉवेलचा कारखाना, सोबत डाइंग. बारकोडची स्टिकरं लावली होती, सहा महिन्यांत निम्मी गळून पडली. पुन्हा तोच खर्च करायचा का?

कागदी किंवा प्लास्टिकचं स्टिकर ऑफिसातल्या संगणकाला आणि कपाटाला ठीक आहे. मागावर तेल आणि थरथर, डाइंगमध्ये वाफ आणि कॉस्टिक. तिथे ते टिकणार नाही. तिथे ॲल्युमिनियमची किंवा स्टीलची छोटी पट्टी घ्या, नंबर छापलेला नको, कोरलेला हवा. पट्टी मागाच्या बाजूच्या फ्रेमवर, नेमप्लेटच्या शेजारी आणि सगळ्या मागांवर एकाच बाजूला बसवा. झाकणावर, गार्डवर किंवा मोटरवर बसवू नका, हे भाग दुरुस्तीत एका यंत्रावरून दुसऱ्यावर जातात आणि टॅगही त्यांच्याबरोबर जातो.

जॅकार्डला मात्र स्वतःचा टॅग द्या. ते मागापेक्षा वेगळ्या वेळी घेतलेलं असतं आणि एका मागावरून काढून दुसऱ्यावर चढवलं जातं.

नंबरात जागेचं नाव घालू नका. ‘शेड २, माग ७’ असा टॅग केला आणि माग शेड ३ मध्ये गेला की टॅग खोटा ठरतो. साधा चढता क्रमांक पुरे, जागा रजिस्टरमध्ये लिहा. विकलेल्या यंत्राचा नंबर नव्याला देऊ नका. शेजारी भावाची फर्म असेल तर तिच्या पट्ट्यांचा रंग वेगळा ठेवा.

भागीदारी फर्म आहे. ५,००० च्या आतली वस्तू खर्चात टाकायची, असं आमचे जुने हिशेबनीस सांगायचे. आणि मागावरचं जुनं जॅकार्ड काढून इलेक्ट्रॉनिक बसवलं, ते दुरुस्तीत चालेल का?

५,००० ची मर्यादा जुन्या कंपनी कायद्याच्या घसारा-अनुसूचीतून रूढ झाली. २०१३ च्या कायद्यात ती राहिली नाही. आज मर्यादा तुम्ही स्वतः ठरवायची, लिहून ठेवायची आणि दरवर्षी तीच पाळायची. फक्त एक जपा: मर्यादा एका नगाला लावताना एकत्रित खरेदी नजरेआड करू नका. २,५०० ची एक खुर्ची खर्चात जाईल, पण शिलाई विभागासाठी एकदम ४० घेतल्या तर त्या १,००,००० च्या मालमत्ता आहेत.

इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड दुरुस्तीत चालणार नाही. त्याचा फायदा अनेक वर्षे मिळणार आहे, म्हणून ते मालमत्तेत घ्या. वाहतूक आणि बसवण्याचा खर्च त्यात मिळवा. कारागिरांना शिकवण्याचा खर्च मिळवू नका. ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं तोही किमतीत येत नाही. आणि लोक विसरतात ते हे की, जुन्या जॅकार्डची उरलेली किंमत पुस्तकातून काढायला हवी. ती मागाच्या किमतीत मिसळलेली असेल तर खरेदीच्या वेळच्या कोटेशनवरून वेगळी काढा. फणी, वया, धोटे या झिजणाऱ्या वस्तू आणि मोटर रिवाइंडिंग मात्र खर्चातच.

आयकराचा घसारा यंत्रांवर १५ टक्के, संगणकांवर ४० टक्के, फर्निचरवर १० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर पहिल्या वर्षी निम्माच. बिल मार्चचं आणि माग एप्रिलमध्ये चालू झाला, तर मार्चअखेरच्या वर्षात आयकरात घसारा मिळत नाही.

जुने सहा माग भंगारात काढायचे आहेत. भंगारवाला रोख द्यायला तयार आहे. काय काळजी घ्यावी?

आधी कर्जाची कागदपत्रं बघा. माग बँकेकडे तारण असतील तर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय हलवू नका. बरेचदा जुनं कर्ज फिटलेलं असतं, पण तेच माग कॅश क्रेडिटलाही तारण असतात.

परवानगी मिळाल्यावर कोणते सहा माग, हे टॅग नंबरांसह लिहून भागीदारांच्या सह्या घ्या. नुसतं ‘सहा माग’ लिहिलं तर कोणती किंमत पुस्तकातून काढायची ते ठरत नाही. उचलताना पट्ट्या काढून ऑफिसात जमा करा, वजनकाट्याची पावती आणि जीएसटी बिल एकत्र लावा. त्या यंत्रांवर जीएसटीचं क्रेडिट घेतलेलं असेल तर विक्रीच्या रकमेवरचा कर आणि नियमाने कमी होत आलेलं उरलेलं क्रेडिट यांतलं जे जास्त ते भरावं लागतं. ते आधीच काढून मग भाव ठरवा.

पैसे बँकेतूनच घ्या. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड होऊ शकतो. आयकरात ब्लॉकमधून विक्रीची रक्कम वजा करायची, पुस्तकी किंमत नाही. पुस्तकात दिसणारा तोटा आयकरात खर्च म्हणून मिळत नाही, उरलेल्या ब्लॉकवर घसारा चालू राहतो. आणि विमा पॉलिसीच्या यादीतून ते सहा माग त्याच आठवड्यात कमी करून घ्या.